दर एक्केचाळीस सेकंदांनी

रूपश्रीला बघण्याचा पगार मिळत असे. बंगळूरच्या एचएसआर लेआउटमधल्या एका कंपनीत टीव्हीला जोडायचे स्ट्रीमिंग बॉक्स बनत, आणि ते बाजारात जाण्याआधी त्यांच्यावर सिनेमे, मालिका, क्रिकेट लावून तासन्‌तास बघत बसायचं, काही बिघडलेलं दिसलं की लिहून काढायचं, हे तिचं काम. कंपनीची ती नोकरदार नव्हती. दुसऱ्या एका एजन्सीनं तिला तिथे कंत्राटावर पाठवलेलं होतं. कंत्राट सहा महिन्यांचं, आणि दर वेळी शेवटचे पंधरा दिवस ती ते वाढल्याच्या निरोपाची वाट बघत काढायची.

त्याआधी अठरा वर्षं ती बनशंकरीला वडिलांच्या स्टुडिओत लग्नाच्या कॅसेटी आणि नंतर डीव्हीडी एडिट करायची. श्रीधरराव, तिचे अप्पा, फोटो काढायचे, व्हिडिओ घ्यायचे. मुलगी मागच्या खोलीत बसून जोडकाम करायची. सेकंदाला पंचवीस चित्रं, त्यातलं एखादं गळलं तरी तिला टोचायचं. मग श्रीधररावांना काचबिंदू झाला. कळेपर्यंत उशीर झालेला होता. आधी कडेचं दिसेना, मग मधलंही गेलं, आणि अकरा वर्षं औषधाचे थेंब घालूनसुद्धा शेवटी खिडकीतला उजेड तेवढा उरला. आई शारदाबाई त्याच दरम्यान गेल्या. स्टुडिओ बंद करावा लागला. रूपश्रीनं लग्न केलेलं नव्हतं. आता वय एक्केचाळीस, घरात अप्पा आणि ती.

कंपनीत तिचं नाव झालं ते पहिल्याच वर्षी. नव्या बॉक्सवर सिनेमा लावला की कॅमेरा आडवा सरकताना चित्र थरथरत पुढे जातंय, असं तिनं लिहून दिलं. तिथे सॉफ्टवेअर लिहिणारा विद्याधर पुण्याहून आलेला. तो तिला सगळ्यांसारखं अक्का म्हणायचा. त्यानं अहवाल वाचला आणि कागदावर आकडे मांडून तिला कारण सांगितलं. सिनेमा सेकंदाला चोवीस चित्रांचा. बॉक्स मात्र काहीही लावलं तरी टीव्हीला सेकंदाला साठ चित्रं देतो, म्हणजे साठ हर्ट्‌झ. साठाला चोवीसनं भागलं तर अडीच येतात, आणि अर्धं चित्र काही दाखवता येत नाही. म्हणून एक चित्र तीनदा, पुढचं दोनदा, पुन्हा तीनदा, पुन्हा दोनदा. प्रत्येक चित्राला सारखा वेळ मिळत नाही. माणूस एक पाऊल लांब, एक पाऊल आखूड टाकत चालला तर जसा दिसेल तसं ते सरकतं. त्या थरथरीला जडर म्हणतात, हा शब्द तिला तेव्हा कळला. दोष तिनं त्याआधीच ओळखला होता.

उपाय विद्याधरनंच लिहिला. सिनेमा सुरू झाला की बॉक्सनं टीव्हीला सांगायचं, आता साठ नको, चोवीसवर ये. टीव्ही क्षणभर काळा होतो आणि मग चोवीसच्या चालीनं चित्र घ्यायला लागतो. सिनेमा संपला की परत साठ. सगळ्याच टीव्हींना हे जमत नाही. लॅबमधला एक स्वस्तातला टीव्ही चोवीसचा सिग्नल मुकाट्यानं घ्यायचा, पण आतून पडदा साठवरच चालवायचा, त्यामुळे त्याच्यावर थरथर तशीच राहिली. खिडकीशेजारच्या मोठ्या टीव्हीवर मात्र कॅमेरा तेलावरून घसरल्यासारखा सरकला. मॅनेजर गुरुप्रसादनं त्या दिवशी सगळ्यांसमोर तिचं नाव घेतलं.

खरा त्रास त्यानंतर दोन महिन्यांनी सुरू झाला.

बॉक्सच्या सॉफ्टवेअरची बाजारात जायची आवृत्ती तपासायला आली होती. रूपश्री मोठ्या टीव्हीसमोर एक सिनेमा बघत होती. समुद्रकाठानं गाडी चाललेली, कॅमेरा तिच्या बरोबरीनं सरकतोय, आणि मध्येच तिला एक ठेच लागल्यासारखी दिसली. डोळ्याची पापणी लवावी तेवढीच. तिनं मागे नेऊन पुन्हा लावलं, तर तिथे काही नाही. पुढे कुठेतरी पुन्हा एकदा. पुन्हा मागे नेलं, पुन्हा काही नाही. तिनं विद्याधरला बोलावलं. तो उभ्याउभ्या थोडा वेळ बघत राहिला, मग आपल्या जागेवर जाऊन स्वतःची चाचणीची क्लिप लावून दहा मिनिटं बघितली आणि म्हणाला, माझ्याकडे तर स्वच्छ आहे. तिनं अहवाल लिहिला. तो ‘पुन्हा घडवून दाखवता आलं नाही’ असा शेरा मारून बंद झाला. आठवड्यात दुसरा लिहिला, तोही तसाच बंद झाला. तिसऱ्या वेळी गुरुप्रसादनं तिला आत बोलावून शांतपणे सांगितलं की असे अहवाल वाढले की एजन्सीला पाठवायच्या कागदावर ते दिसतात. कंत्राट संपायला तीन आठवडे राहिले होते.

बसमध्ये तिनं उजवा डोळा झाकून बाहेर बघितलं, मग डावा झाकून बघितलं. दुकानांच्या पाट्या दोन्हींनी दिसत होत्या. अप्पांच्या डॉक्टरांनी दर वर्षी तपासून घ्यायला सांगितलं होतं, हा आजार घराण्यात उतरतो म्हणून. तीन वर्षं ती गेलेली नव्हती. सवड नव्हती, असं ती सांगायची. खरं तर तिला जायची भीती वाटत होती.

शनिवारी ती जयनगरच्या दवाखान्यात गेली. डोळ्यांतला दाब मोजला. मग एका वाडग्यासारख्या पांढऱ्या यंत्रापुढे हनुवटी टेकवायला लावली, एक डोळा झाकला, आणि सांगितलं, मधल्या ठिपक्यावरून नजर हलवायची नाही, कुठे बारीक उजेड चमकला की बटण दाबायचं. उजव्या डोळ्याचं सोपं गेलं. डाव्याच्या वेळी मध्ये मध्ये बराच वेळ काहीच चमकेना. यंत्राची घरघर तर चालूच होती, म्हणजे ते उजेड टाकत होतं. तिचं बोट बटणावर नुसतं टेकून राहिलं होतं. एक-दोनदा तिनं काही दिसलेलं नसतानाच दाबलं.

कागदावर डाव्या डोळ्याच्या वरच्या कोपऱ्यात, नाकाच्या बाजूला, करडा डाग आला होता. डॉक्टरीणबाई समजुतीनं बोलल्या. सुरुवात आहे, वेळेवर आलात, रोज थेंब घालायचे, गेलेलं परत येत नाही पण असलेलं बहुतेक वेळा टिकवता येतं. रूपश्रीनं विचारलं की या आजारात हलतं चित्र मध्येच अडखळल्यासारखं दिसतं का. बाई म्हणाल्या, सहसा नाही, पण दिवसभर पडद्यासमोर बसणारे दमलेले डोळे कसले कसले खेळ करतात.

एवढं पुरे झालं. सोमवारी आवृत्तीचा तक्ता तिच्यापुढे आला, त्यावर ‘चित्राची गती’ असा एक रकाना होता. त्याच सकाळी तिला ती ठेच पुन्हा दोनदा दिसली होती. आता ती कुठून येते हे आपल्याला माहीत आहे, असं तिनं स्वतःला बजावलं. रकान्यात ‘बरोबर’ लिहिलं आणि खाली सही केली. कंत्राट वाढलं. घरी येऊन तिनं अप्पांना वाढल्याचं सांगितलं, डोळ्याचं सांगितलं नाही. ‘माझ्यामुळे हिच्या वाट्याला आलं’ म्हणून ते जेवणसुद्धा सोडतील, अशी तिची खात्री होती. औषधाची बाटली तिनं स्वतःच्या खोलीत साड्यांखाली ठेवली.

बॉक्स दावणगेरेकडच्या एका मोठ्या केबलवाल्यानं घेतले होते. पंधरा दिवसांत तिथून तक्रारी यायला लागल्या. माणूस चालता चालता अडकतो. गाडी झटका खाते. सिनेमातच होतं, मॅचमध्ये होत नाही. आधी सगळ्यांनी तिकडच्या इंटरनेटवर ढकललं. केबलवाल्यानं वेगळी लाइन टाकून बघितली, तरी तेच. मग त्यानं उरलेला माल उचलायचं थांबवलं. गुरुप्रसादनं बैठक बोलावली आणि तो तक्ता पडद्यावर लावला. रकान्यातलं ‘बरोबर’ आणि त्याखालची तिची सही सहा फूट रुंद दिसत होती.

त्यानं तिला विचारलं की तपासताना काही दिसलं नव्हतं का. दिसलं होतं म्हणावं तर सही का केली. नव्हतं म्हणावं तर ते खोटं. विद्याधर टेबलाकडे बघत बसला. शेवटी गुरुप्रसाद म्हणाला की शुक्रवारपर्यंत नेमकं काय होतंय ते दाखवता आलं तर ठीक, नाहीतर एजन्सीला दुसरा माणूस मागावा लागेल. ते आवाज न चढवता बोलणं तिला ओरडण्यापेक्षा वाईट वाटलं.

मंगळवार आणि बुधवार तिनं त्या टीव्हीसमोर काढले. ठेच यायची आणि जायची. तिनं लिहिलेल्या जागी दुसऱ्यांदा ती कधीच नसायची. तिला तर आता हेही कळेना की केबलवाल्याच्या लोकांना दिसतं तेच आपल्याला दिसतंय की आपलं वेगळंच काही आहे. डोळ्यांवर विश्वास ठेवावा, तर त्या कागदावरचा करडा डाग डोळ्यांपुढे यायचा. बुधवारी दुपारी ती स्वच्छतागृहात जाऊन नळ सोडून रडली, तोंड धुतलं आणि परत येऊन बसली. पुढच्या महिन्यात काय, हा विचार तिनं करूनच पाहिला नाही, कारण तो कुठेही जाऊन थांबत नव्हता.

गुरुवारी सकाळी ती अप्पांना चहा द्यायला गेली. श्रीधरराव गॅलरीत खुर्चीवर बसले होते. कप हातात घेऊन म्हणाले, “स्वल्प बस इथे.”

ती बसली.

“औषध कुठल्या डोळ्यात घालतेस?”

रूपश्री अर्धवट उठली.

“ते झाकण मी अकरा वर्षं उघडलंय गं. त्याचा टक्‌ आवाज मला भिंतीपलीकडून कळतो. महिना झाला ऐकतोय.”

“डाव्या,” ती म्हणाली. “सुरुवात आहे म्हणाल्या.”

त्यांनी कप पुढे केला, तो तिनं घेऊन खाली ठेवला. मग एकदा बांध फुटल्यावर तिनं सगळंच सांगितलं. ठेच, बंद झालेले अहवाल, सही, दावणगेरे, उद्याचा शुक्रवार. ज्या डोळ्यांनी बघायचे पैसे मिळतात तेच खोटे निघाले तर पुढे काय, तेही सांगितलं. अप्पा मान खाली घालून ऐकत राहिले. आजाराबद्दल त्यांनी अवाक्षर काढलं नाही. त्यांनी विचारलं ते वेगळंच.

“किती वेळानं येतं ते?”

“मध्ये मध्ये. मागे जाऊन बघितलं की नसतं.”

“मागे कशाला जातेस. सिनेमा चालू दे आणि घड्याळ बघ. डोळ्याचं दुखणं मला ठाऊक आहे, ते वेळ धरून येत नाही. यंत्राचं दुखणं वेळेवर येतं. रीळ ओढणाऱ्या चक्राच्या एका दाताला मार लागला असेल तर प्रत्येक फेऱ्याला तिथेच टोचणार.”

रूपश्रीनं चहा तसाच ठेवला आणि बस पकडली.

लॅबमध्ये पोचल्यावर तिनं सतत सरकणाऱ्या दृश्यांचा एक माहितीपट लावला. आगगाडीच्या खिडकीतून घेतलेली शेतं, पंधरा मिनिटं नुसती सरकत होती. तिनं मोबाइलवरचं स्टॉपवॉच हातात धरलं, आणि मागे न जाता बघत राहिली. ठेच आली, बटण दाबलं. पुन्हा आली, दाबलं. मध्ये बोगदा आला तेव्हा काळोखात काही दिसलं नाही, तो एक आकडा दुप्पट आला. बाकी सगळे आकडे एकाखाली एक उभे राहिले. एक्केचाळीस आणि थोडं वर. बेचाळीसला थोडं कमी. एक्केचाळीस आणि थोडं वर.

मागे नेलं की ठेच का सापडत नव्हती, तेही तिला आता उमगलं. ती सिनेमात नव्हतीच. पुन्हा कुठूनही सुरू केलं की मोजणी नव्यानं सुरू होत होती. आणि पडद्यावर माणसं स्थिर बसलेली असतील त्या क्षणी ठेच येऊन गेली तरी कुणाला कळणार नव्हतं.

आकडे घेऊन ती विद्याधरकडे गेली. त्यानं ते वरून खाली दोनदा वाचले. मग त्यानं तिला त्या माहितीपटाची गती विचारली. तिनं फाइल उघडून वाचली. तेवीस पॉइंट नऊ सात सहा.

“माझी चाचणीची क्लिप नेमकी चोवीसची आहे, अक्का,” तो हळू म्हणाला. “मीच बनवलेली. तिच्यावर हे कधीच दिसणार नाही.”

घरी बघायला येणारे बरेचसे सिनेमे नेमके चोवीसवर नसतातच, त्याहून हजारात एक इतके सावकाश चालतात. बहुतेक टीव्हींना दोन्ही चाली येतात. विद्याधरनं बॉक्सला गती ठरवायला लावताना दशांश सोडून जवळचा पूर्ण आकडा धरला होता, म्हणून बॉक्स दोन्ही सिनेमांसाठी टीव्हीला चोवीसच सांगायचा. टीव्ही थोडा पुढे, सिनेमा थोडा मागे. हजार चित्रं होईपर्यंत टीव्ही एका चित्रानं पुढे निघून जायचा आणि द्यायला नवं काही नसल्यामुळे बॉक्स जुनंच चित्र आणखी एकदा दाखवायचा. हजार चित्रांना लागणारा वेळ एक्केचाळीस सेकंद आणि वर थोडा.

पण हे झालं कारण. गुरुप्रसादला दाखवायला ते पुरणार नव्हतं, आणि तिला आता स्वतःच्या डोळ्यांची साक्ष कुठेही द्यायची नव्हती. तिनं जुन्या कामाच्या सवयीनं एक क्लिप तयार केली. काळ्या पडद्यावर प्रत्येक चित्राचा क्रमांक मोठ्या अक्षरांत, गती तेवीस पॉइंट नऊ सात सहा. ती टीव्हीवर लावली, मोबाइल स्टँडवर बसवला आणि सेकंदाला दोनशे चाळीस चित्रं टिपणाऱ्या स्लो मोशनवर दीड मिनिट घेतलं. मग ते एकेक चित्र पुढे सरकवत मोजायला लागली. टीव्ही चोवीसवर असल्यामुळे प्रत्येक क्रमांक मोबाइलच्या दहा चित्रांत दिसत होता. दहा, दहा, दहा. डोळे चुरचुरायला लागले तेव्हा तिनं विद्याधरला बोलावून शेजारी बसवलं आणि त्याला मोठ्यानं मोजायला लावलं. सहाशे बारा हा क्रमांक वीस चित्रं टिकला. त्यानंतर पुन्हा दहा, दहा. पुढचा वीसचा क्रमांक त्यांनी थेट हजार पुढे जाऊन शोधला. सोळाशे बारा.

शुक्रवारच्या बैठकीत तिनं ते लावलं. गुरुप्रसादनं स्वतः खुर्ची पुढे ओढून सहाशे बाराची चित्रं मोजली. विद्याधर म्हणाला की चूक त्याच्या कोडमधली आहे आणि रूपश्रीअक्कांनी तीनदा सांगूनही त्यानं चुकीच्या क्लिपवर बघितलं. दुरुस्ती चार ओळींची होती. सिनेमाची खरी गती वाचायची, टीव्हीला ती येते का विचारायचं, आणि येत असेल तर तीच मागायची.

गुरुप्रसादनं लॅपटॉप मिटला आणि विचारलं, “मग सही का केलीत?”

“दिसलं होतं, सर,” ती म्हणाली. “पण सहीच्या दोनच दिवस आधी मला काचबिंदूचं निदान झालं. मला वाटलं, माझ्याच डोळ्यांचं आहे. तसं लिहायला हवं होतं. लिहिलं नाही.”

गुरुप्रसादनं मान हलवली आणि कन्नडमध्ये ‘सरी’, म्हणजे ठीक आहे, एवढंच म्हणाला.

अपडेट पुढच्या बुधवारी गेलं. दावणगेरेच्या तक्रारी दहा दिवसांत थांबल्या, केबलवाल्यानं माल उचलला. कंपनीच्या अहवालात ‘टीमनं दोष शोधला’ असं वाक्य आलं. रूपश्रीला काढलं नाही. पण कंत्राटाच्या कागदावर या वेळी एक अट वाढलेली होती. तिनं तपासणीची ही पद्धत लिहून काढायची आणि दोन नव्या लोकांना शिकवायची. कागद वाचताना तिला त्याचा अर्थ कळला. क्रमांकाची क्लिप, स्टँडवरचा मोबाइल आणि मोजायला कुणीही. ठेच पकडायला आता कुणाच्या डोळ्याची गरज उरत नव्हती, तिच्याही नाही. विद्याधर म्हणाला, हे लिहून देऊ नका, अक्का, टाळाटाळ करा. तिनं लिहून दिलं. नऊ पानं झाली. प्रत्येक गतीची वेगळी क्लिप, प्रत्येक टीव्हीवर किमान दोन मिनिटं, आणि मधलं काही सोडायचं नाही.

नवे दोघं आले, शिकले. त्यातली श्वेता नागपूरची, चटपटीत. महिन्याभरात ती रूपश्रीहून भराभर मोजायला लागली. कंत्राट मार्चमध्ये संपलं आणि पुढे वाढलं नाही. गुरुप्रसादनं स्वतः बोलावून सांगितलं, चांगलं पत्रही दिलं. ती बनशंकरीला परत आली तेव्हा दुपार होती. अप्पांनी पावलांवरूनच ओळखलं की आज ती वेळेआधी आलीये, आणि काय झालं ते विचारलं नाही.

आता ती जे. पी. नगरच्या एका लहानशा स्टुडिओत अर्धवेळ लग्नाचे व्हिडिओ जोडते. मधल्या फील्ड टेस्टमध्ये, म्हणजे त्या वाडग्यासारख्या यंत्रावरच्या तपासणीत, डाग तेवढाच निघाला. पुढची तपासणी ऑगस्टमध्ये आहे. तिला त्या यंत्राची अजून भीती वाटते. बटणावर बोट ठेवून उजेडाची वाट बघताना आपण किती सेकंद थांबलोय, हे ती आता मनातल्या मनात मोजते, आणि दिसल्याशिवाय दाबत नाही.